फोनवर ठरलेला सौदा कोर्टात सिद्ध करायचा कसा: तोंडी करार आणि व्हॉट्सॲप पुराव्याची पायरीवार पद्धत

माझ्याकडे नाशिक परिसरातले पुरवठादार उधारी अडकली की येतात आणि बहुतेक जण दोन टोकांपैकी एक घेऊन येतात. काही जण सांगतात, "साहेब, लेखी काहीच नाही, आता काय होणार?" आणि हक्काचे पैसे सोडून द्यायची त्यांची तयारी असते. काही जण एकच स्क्रीनशॉट दाखवतात, तोही वरची तारीख कापलेला, आणि एवढ्यावर खटला जिंकल्याच्या खात्रीत असतात. दोन्ही चुकीचं आहे. तोंडी करार आपल्या कायद्याला मान्य आहे. अडचण येते ती सिद्ध करताना, आणि सिद्ध करायची तयारी वाद व्हायच्या आधीच करावी लागते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच नमुना व्यवहार शेवटपर्यंत घेऊ. आकडे उदाहरणासाठी ठरवलेले आहेत, पण असे व्यवहार द्राक्षाच्या हंगामात इकडे रोज होतात. अंबड एमआयडीसीतला एक खोके बनवणारा आणि पिंपळगावकडचा एक द्राक्ष निर्यातदार. १२ जानेवारीला सकाळी फोनवर ठरलं: निर्यातदाराच्या ब्रँडची छपाई असलेले ६,००० खोके, दर ४६ रुपये, २,००० खोक्यांच्या तीन गाड्या, प्रत्येक गाडीचे पैसे ३० दिवसांत. दोन गाड्या उतरल्या. तिसरी गाडी निर्यातदाराने परत पाठवली आणि म्हणाला, "दर ४२ ठरला होता, आणि तिसरी गाडी मी मागवलीच नव्हती." त्याने आतापर्यंत ५०,००० रुपये एनईएफटीने दिलेत, बाकी काही नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवू.

## १. आधी बघा: तुमचा व्यवहार तोंडी चालणाऱ्यातला आहे का

भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १० नुसार मोकळ्या संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी, सज्ञान माणसांमध्ये ठरलेली गोष्ट करार होते. ती कागदावरच हवी असं हे कलम म्हणत नाही. मालाच्या विक्रीसाठी तर माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम ५ मध्ये स्पष्टच लिहिलंय की करार तोंडी, लेखी किंवा दोघांच्या वागण्यातूनही होऊ शकतो. आणि संदेशांतून ठरलेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम १०अ मध्ये आहे.

आता अपवाद. जमीन किंवा गाळ्याची विक्री फोनवर होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. वाद लवादाकडे न्यायचा करार लेखी लागतो. मुदत उलटून गेलेलं देणं "देतो" म्हणून पुन्हा मान्य करायचं असेल तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. कॉपीराइटचं हस्तांतरणही लेखीच. खोके, कापड, भाजीपाला, जॉबवर्क, वाहतूक, डिझाइनचं काम हे यात येत नाही.

इथे एक तपासणी करून घ्या. तुमची फर्म भागीदारीची असेल आणि तिची नोंदणी नसेल, तर करार कितीही पक्का असला तरी फर्म म्हणून वसुलीचा दावा लावता येत नाही (भागीदारी अधिनियम १९३२, कलम ६९). पुढची सगळी मेहनत करण्याआधी नोंदणीचा दाखला काढून बघा.

## २. करार झाला की नुसती बोलणी झाली, हे वेगळं काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक "ओके" शोधतात. कोर्ट शोधतं ते ठराविक अटींचा प्रस्ताव आणि त्याला बिनशर्त होकार. करार अधिनियमाचं कलम ७ सांगतं की होकार संपूर्ण आणि विनाअट हवा. होकारात नवीन अट घातली की तो होकार राहत नाही, तो उलट प्रस्ताव होतो, आणि करार व्हायला आता पहिल्याने हो म्हणावं लागतं.

आपल्या उदाहरणात फोन ठेवल्यावर खोकेवाल्याने ११:५२ ला संदेश टाकला: "भाऊ, फोनवर ठरल्याप्रमाणे ६,००० खोके, ५ प्लाय, तुमची छपाई, दर ४६, तीन गाड्या, पेमेंट प्रत्येक गाडीपासून ३० दिवस. बरोबर ना?" निर्यातदाराचं उत्तर १२:१० ला: "ओके, पण पहिली गाडी १८ ला पाहिजे." हा होकार नाही. १८ तारखेची अट यात नवीन आहे. करार झाला तो १२:१४ ला, जेव्हा खोकेवाल्याने लिहिलं: "१८ ला गाडी पक्की." हे शेवटचं वाक्य चॅटमध्ये नसतं तरी १८ तारखेला गाडी पोचली यावरून करार दाखवता आला असता, कारण कलम ८ नुसार अट पूर्ण करणं हासुद्धा होकारच. पण चार शब्दांनी ते काम सोपं केलं.

तुमच्या चॅटमध्ये हेच करून बघा. कागद घ्या आणि पाच गोष्टींसमोर संदेशाची तारीख आणि वेळ लिहा: माल कोणता, किती, दर काय, द्यायचा कधी, पैसे कधी. मग हो कुणी, कधी म्हटलं ते लिहा. एखादी जागा रिकामी राहिली तर घाबरू नका. दर ठरला नसेल तर कायदा वाजवी दर धरतो. पण काय माल आणि किती हेच ठरलेलं नसेल, तर कलम २९ खाली करार अनिश्चित म्हणून रद्दबातल ठरू शकतो.

"बघू", "करून टाकू", "तुम्ही सुरू तर करा" हे शब्द आपल्याकडे होकार म्हणून वापरले जातात, पण उलटतपासणीत त्यांचा अर्थ कसाही फिरवता येतो. निळी टिक म्हणजे वाचलं, एवढंच. न बोलणं म्हणजे संमती नाही. अंगठ्याच्या चिन्हाबद्दल विचारणा फार होते. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात २०२३ मध्ये जवसाच्या खरेदीत शेतकऱ्याने करारनाम्याच्या फोटोला दिलेला अंगठा कोर्टाने होकार मानला. त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे: त्याच दोघांमध्ये आधीचे व्यवहारही "ओके" किंवा "हो" अशा छोट्या उत्तरांवर झाले होते आणि माल दिला गेला होता. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण तुमच्या आधीच्या व्यवहारांचे चॅट जपून ठेवायचं कारण त्यातून नीट कळतं.

## ३. समोर नक्की कोण आहे, ते पक्कं करा

चॅट "बाळू दादा द्राक्ष" या नावाने सेव्ह असतं. कोर्टाला ते नाव काहीच सांगत नाही. सिद्ध करावं लागतं की तो नंबर अमुक माणसाचा, आणि तो माणूस अमुक धंद्याच्या वतीने बोलत होता.

नंबर जोडायला त्याचं व्हिजिटिंग कार्ड, त्याने आधी दिलेलं बिल, लेटरहेड, त्या नंबरवरून आलेलं यूपीआय पेमेंट चालतं. वतीने बोलण्याचा मुद्दा जास्त नाजूक आहे. निर्यातदाराची प्रोप्रायटरी फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी? जीएसटी नंबर टाकून सरकारी पोर्टलवर नाव बघा. दावा चुकीच्या नावावर लागला तर दोन वर्षांनी कळतं. खरेदी व्यवस्थापकाने ऑर्डर दिली असेल, तर त्याच माणसाने आधी दिलेल्या ऑर्डरींचे पैसे कंपनीच्या खात्यातून आलेत का ते शोधा. आले असतील तर "त्याला अधिकारच नव्हता" हे म्हणणं टिकणं अवघड.

## ४. वागण्याचा पुरावा गोळा करा, चॅटपेक्षा तो जड असतो

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, अंबालाल साराभाई एंटरप्राइझ विरुद्ध के. एस. इन्फ्रास्पेस या प्रकरणात, व्हॉट्सॲप संदेशांना जणू तोंडी संभाषणच मानलं. त्यांचा अर्थ आणि मजकूर साक्ष आणि उलटतपासणीतून सिद्ध व्हायला हवा, आणि करार पूर्ण झाला की नाही हे ईमेल आणि संदेश एकत्र वाचून ठरवायचं, असं कोर्टाने म्हटलं. म्हणून संदेश एकटे कधीच उभे करू नका.

आपल्या उदाहरणात भक्कम पुरावा असा आहे: १८ आणि २५ जानेवारीची चलनं, त्यावर गोदामातल्या माणसाची सही आणि गाडी नंबर. दर ४६ लिहिलेली दोन बिलं. बिलं जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलेली असल्यामुळे निर्यातदाराच्या पोर्टलवर ती दिसली, आणि त्याने त्यावरची करवजावट घेतली असेल तर ४६ च्या दराची बिलं त्याने स्वतःच्या हिशेबात मान्य केल्यासारखं होतं. दर ४२ ठरला होता असं म्हणणाऱ्याला उलटतपासणीत हाच प्रश्न विचारायचा असतो. आणि शेवटी ५०,००० चा एनईएफटी, बँकेच्या प्रमाणित उताऱ्यासह.

सावधान. फक्त तुमच्या खातेवहीतली नोंद पुरत नाही. हिशेबाच्या वह्या पुरावा म्हणून येतात, पण केवळ त्यांच्यावर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही. चलन नसलेली खातेवही घेऊन येणाऱ्यांना मी आधी चलनं शोधायला परत पाठवतो. गाडीचालकाकडे, वजनकाट्यावर, ई-वे बिलाच्या नोंदीत काहीतरी सापडतंच.

## ५. फोन आणि चॅट सुरक्षित करा, याच क्रमाने

भांडण झाल्याची चाहूल लागली की त्याच दिवशी हे करा. क्रम बदलू नका.

पहिलं, त्या चॅटमध्ये आपोआप गायब होणारे संदेश (`Disappearing messages`) चालू आहेत का बघा आणि बंद करा. दुसरं, फोन विकू नका, रीसेट करू नका, शक्य असेल तर नवीन फोन वापरायला घ्या आणि जुना चालू स्थितीत कपाटात ठेवा. तिसरं, चॅटचे सलग स्क्रीनशॉट घ्या. वरच्या पट्टीत नंबर दिसेल अशी माहितीची स्क्रीनही घ्या, फक्त सेव्ह केलेलं नाव नको. प्रतिक्रिया म्हणून दिलेले अंगठे स्क्रीनशॉटमध्येच टिपा, मजकुराच्या फाइलवर त्यासाठी विसंबू नका. चौथं, `Export chat` वापरून संपूर्ण चॅट फोटो आणि व्हॉइस नोटसह बाहेर काढा. ठराविक भाग निवडू नका. तुमच्या विरोधातले संदेशही त्यात राहू द्या, कारण समोरच्याच्या फोनमध्ये ते आहेतच आणि तुम्ही गाळलेत हे दिसलं की उरलेल्यावरचाही विश्वास जातो.

पाचवं, त्या फाइलचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा एक लांबलचक आकडा-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो ठसा पूर्ण बदलतो. विंडोजवर:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

आलेला ठसा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि मूळ फाइल पुन्हा उघडून बदलू नका, तिचं झिप पुन्हा बांधू नका.

तपासणी. पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा हॅश पुन्हा काढा. दोन्ही सारखे आले तरच पुढे जा.

संदेश रोमन लिपीत मराठी टाइप केलेले असतील तर ते तसेच ठेवा. देवनागरीत "सुधारून" छापलेली प्रत मूळ म्हणून देऊ नका. लिप्यंतर आणि भाषांतर वेगळ्या कागदावर द्यायचं असतं. व्हॉइस नोट असेल तर मूळ ध्वनिफाइल आणि शब्दशः लिखाण दोन्ही द्या, आणि आवाज ओळखू शकेल असा साक्षीदार ठरवून ठेवा.

## ६. कलम ६३ चं प्रमाणपत्र

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. जुन्या ६५ब चं काम आता कलम ६३ करतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीची छापील किंवा कॉपी केलेली प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ नोंद देणाऱ्याने, म्हणजे ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याने भरायचा. भाग ब तज्ज्ञाने. फोनचा मेक, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय, हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे दोन्हीत लिहावं लागतं.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते जुन्या कायद्याखाली जालन्याच्या निवडणूक वादातून ठरलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. म्हणूनच जुना फोन कपाटात ठेवा म्हणालो. तरीही माझा सल्ला असा की फोनही जपा आणि प्रमाणपत्रही दाव्यासोबतच जोडा.

नेहमीच्या चुका तीन. प्रमाणपत्रावर मालकाची सही, पण चॅट मुलाच्या फोनवरचं. अशा वेळी भाग अ मुलाने भरायचा आणि साक्षीलाही त्यानेच यायचं. दुसरी, प्रमाणपत्रातला हॅश आणि दाखल केलेल्या फाइलचा हॅश जुळत नाही, कारण मधे कुणीतरी फाइल पुन्हा झिप केली. तिसरी, एकदा दिलेलं प्रमाणपत्र सगळीकडे चालेल असं धरणं. नोंद जितक्या वेळा पुरावा म्हणून दाखल कराल तितक्या वेळा ते सोबत द्यायचं.

चॅट तुमच्याकडून पुसलं गेलं असेल तर समोरच्याच्या फोनमध्ये ते असू शकतं. ते हजर करण्याची नोटीस द्या, नाही दिलं तर कोर्टाकडे अर्ज करा.

## ७. दावा कुठे, किती आणि कधीपर्यंत

आता आपल्या खोकेवाल्याचा हिशेब. दोन गाड्यांचे ४,००० खोके, दर ४६, म्हणजे १,८४,०००. आलेले ५०,००० वजा केले की १,३४,००० बाकी. तिसऱ्या गाडीचे २,००० खोके निर्यातदाराच्या ब्रँडचे, दुसऱ्या कुणाला चालत नाहीत. ते रद्दीत खोक्यामागे ९ रुपयांनी गेले, तर प्रत्येकी ३७ प्रमाणे ७४,००० नुकसान. करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली ते मागता येतं, पण रद्दीवाल्याची पावती हवी, आणि आधी दुसरं गिऱ्हाईक शोधायचा प्रयत्न केला हे दाखवायला हवं. एकूण २,०८,०००.

रक्कम तीन लाखांच्या आत असल्याने हे वाणिज्यिक न्यायालयात जात नाही, साध्या दिवाणी कोर्टात जातं. तीन लाख किंवा जास्तीचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. ती टाळून दावा लावला तर तो फेटाळला जातो. झटपट निकालाचा समरी दावा लेखी करारावर किंवा हुंडी-चेकवर लागतो. नुसत्या तोंडी करारावर तो लावायला जाऊ नका.

खोकेवाला उत्पादक आहे आणि त्याची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांची सुविधा परिषद हा दुसरा रस्ता आहे. एमएसएमईडी अधिनियम २००६ मध्ये लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि लेखी असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत जात नाही. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकाने ती १५ दिवसांत लेखी करायला हवी. न केल्यास माल दिल्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. "माल खराब होता" असं महिनाभरानंतर पहिल्यांदा म्हणणाऱ्याला हा नियम नडतो.

मुदत तीन वर्षांची. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, ठरली नसेल तर माल दिल्यापासून. पहिल्या गाडीचे ३० दिवस १७ फेब्रुवारीला संपले, म्हणून त्या गाडीची तीन वर्षं तिथून मोजायची. "देतो, देतो" या फोनवरच्या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत मिळालेली लेखी, सहीची कबुली ती वाढवते.

## ८. दाव्यात आणि साक्षीत काय सांगायचं

तोंडी करारावरचा दावा मोघम लिहिला तर तिथेच ढिला पडतो. "जानेवारीत फोनवर व्यवहार ठरला" असं लिहू नका. "१२ जानेवारीला सकाळी, अमुक नंबरवरून अमुक नंबरवर बोलणं झालं, त्यात या अटी ठरल्या, ११:५२ च्या संदेशाने त्या कळवल्या, १२:१० ला १८ तारखेची अट आली, १२:१४ ला ती मान्य झाली" असं लिहा. फोनचा कॉल तपशील मोबाईल कंपनीकडून वेळेत मागवा, कंपन्या तो कायम ठेवत नाहीत.

साक्षीला तोच माणूस हवा जो बोलला. व्यवसाय मुलगा बघतो आणि साक्षीला वडील उभे राहिले, तर "तुम्ही स्वतः ऐकलं का?" या एका प्रश्नावर गाडी अडते. चलनावर सही घेणारा चालकही साक्षीदार म्हणून आधीच ठरवा. त्याचा पत्ता आत्ताच लिहून घ्या, हंगाम संपला की चालक बदलतात.

कोर्टाने दराबद्दलचा करार मान्य केला नाही तर? दाव्यात पर्यायी मागणी आधीच घाला: करार अधिनियमाचं कलम ७०. फुकट द्यायचा हेतू नसताना दिलेला माल समोरच्याने ठेवून घेतला आणि वापरला, तर त्याची वाजवी भरपाई द्यावी लागते. ४६ सिद्ध झाला नाही तरी ४,००० खोक्यांचा बाजारभाव तरी मिळतो. त्यासाठी त्याच आठवड्यातली इतर ग्राहकांची दोन-तीन बिलं फाइलमध्ये ठेवा. ही मागणी मागाहून घालायची तर दावा दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात महिने जातात.